कंपनीने सोळा जणांची फी एकदम भरली, तर बिल कसं फाडायचं?

पांढरकवड्याला आमची छोटी प्रशिक्षण संस्था आहे. दसऱ्याच्या आसपास कापूस गावात येऊ लागतो. त्याआधी, सप्टेंबरात, आम्ही जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांसाठी आग आणि विजेच्या सुरक्षिततेचं दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवतो. कापसातून आलेला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात घासून ठिणगी पडली की रुईचा ढीग पेटायला वेळ लागत नाही, त्यामुळे वणीपासून आदिलाबादपर्यंतचे जिनिंगवाले माणसं पाठवतात. संस्थेचा हिशेब मी पाहतो.

पहिल्या वर्षी मी एक गाढवपणा केला. एका कंपनीने अकरा जणांची फी एका चेकने दिली आणि मी हौसेनं अकरा पावत्या फाडल्या, प्रत्येकाच्या नावाची वेगळी. मार्चमध्ये त्यांच्या मुनीमजींचा फोन आला. "भाऊ, या अकरा पावत्या मी कुठं लावू? त्याच्यावर आमच्या कंपनीचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही. दोन हजाराच्या वर क्रेडिट बुडून राहिलं आमचं." त्यांचं म्हणणं खरं होतं. बिलावर भरलेला जीएसटी कंपनी स्वतःच्या करातून वजा करून घेते, तेच हे क्रेडिट, आणि त्यासाठी बिल तिच्या नावाने लागतं. विवरणपत्रात ती रक्कम मी किरकोळ ग्राहकांच्या एकत्रित आकड्यात टाकली होती. तिथून ती उचलून कंपनीच्या नावावर नेताना माझे आणि आमच्या कर सल्लागारांचे दोन दिवस गेले.

तेव्हापासून पैसे येण्याआधीच मी एक गोष्ट पक्की करतो. फी देण्याची जबाबदारी कोणाची? ज्याची जबाबदारी, तोच जीएसटीच्या भाषेत सेवा घेणारा, आणि बिल त्याच्याच नावाने. खुर्चीवर बसून शिकणारा माणूस कोण आहे, यावर ते ठरत नाही. कामगारांची नावं बिलाला जोडलेल्या यादीत जातात.

आधी स्वतःकडे बघा

तुमची संस्था जीएसटीत नोंदलेली आहे का? सेवा देणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची नाही. सेवा परराज्यातल्या कंपनीला दिली तरीही हीच मर्यादा लागू राहते. मात्र ही उलाढाल एका पॅनवरच्या सगळ्या कामांची मिळून मोजतात, करमाफ उत्पन्नही त्यात येतं. नोंदणी नसेल तर साधी पावती द्या आणि तिच्यावर जीएसटीचा एक रुपयाही लावू नका. नोंदणी नसताना कर वसूल करणं हा गुन्हा आहे. कंपनी "जीएसटी लावून द्या" म्हणून मागे लागली तरी नाही म्हणा.

आपल्याकडे एक गैरसमज फार पसरलेला आहे: संस्था धर्मादाय आहे, आयकरात नोंदलेली आहे, म्हणजे तिला जीएसटी नाही. धर्मादाय संस्थेची सूट ठरावीक कामांपुरती आहे. कंपनीच्या कामगारांना फी घेऊन दिलेलं यंत्रसुरक्षेचं प्रशिक्षण त्यात बसत नाही, त्यावर १८ टक्के लागतात. शेतकऱ्यांना शेतीचं ज्ञान देणारं विस्तार प्रशिक्षण करमाफ आहे, पण ते आपल्या या विषयापासून वेगळं. दोन्ही प्रकारचे वर्ग घेत असाल तर त्यांचा हिशेब एकमेकांत मिसळू देऊ नका.

इथून पुढचं सगळं नोंदणी असलेल्या संस्थेसाठी आहे.

फॉर्ममध्ये चार ओळी वाढवा

नावनोंदणीच्या फॉर्मवर आम्ही आधी फक्त नाव, मोबाइल, गाव विचारायचो. आता वर ठळक अक्षरात एक प्रश्न आहे: "फी कोण भरणार? स्वतः की कंपनी?" कंपनी असेल तर खाली तिचं पूर्ण नाव, जीएसटी नोंदणीवरचा पत्ता, जीएसटी नंबर आणि बिल ज्या ई-मेलवर पाठवायचं तो ई-मेल. गेटवरच्या पाटीवरचं नाव आणि नोंदणीवरचं नाव पुष्कळदा वेगळं असतं. पाटीवर "अमुक जिनिंग" आणि नोंदणीत "तमुक ॲग्रो प्रायव्हेट लिमिटेड" हा प्रकार मी कितीदा तरी पाहिला आहे. बिलावर नोंदणीतलंच नाव हवं.

जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. महाराष्ट्र २७, तेलंगणा ३६, मध्य प्रदेश २३, छत्तीसगड २२. नंबर हातात आला की जीएसटीच्या पोर्टलवर करदाता शोधण्याच्या पानावर टाकून बघतो. नाव जुळतं का, नोंदणी चालू आहे का, एवढंच पाहायचं. एका मिनिटाचं काम आहे. नोंदणी रद्द झालेली निघाली तर बिल पाठवण्याआधी मुनीमजींना फोन करा, बहुतेक वेळा त्यांच्याकडून जुनाच नंबर लिहिला गेलेला असतो.

"फी मी माझ्या मोबाइलवरून टाकतो, कंपनी मला नंतर देईल" असं एखादा सुपरवायझर म्हणतो. याला हरकत नाही. नोंदणी कंपनीने केली असेल आणि फी देणं तिच्याकडे असेल, तर बिल कंपनीच्याच नावाने जाईल. पैसे सुपरवायझरच्या यूपीआयवरून कंपनीतर्फे आले, एवढं पावतीत लिहा. पण त्याने आधी स्वतःच्या नावाने नोंदणी केली, पावती घेतली आणि महिनाभराने कंपनीच्या नावाचं बिल मागितलं, तर मी ते देत नाही. एकाच पैशाची दोन कागदपत्रं बाहेर पडली की ती दोन जागी लागतात.

पैसे येण्याआधी प्रोफॉर्मा

कंपनी पैसे सोडण्याआधी कागद मागते. तेव्हा प्रोफॉर्मा बिल द्या. त्याच्यावर "हे कर बीजक नाही" असं लिहा आणि त्याला बिलाच्या मालिकेतला नंबर देऊ नका. फी आणि जीएसटी मात्र त्यात वेगवेगळ्या ओळींत दाखवा, कारण कंपनी बहुधा टीडीएस कापून पैसे पाठवते. कर वेगळा दिसत असेल तर टीडीएस फक्त मूळ फीवर कापायचा असतो. तुम्ही "सगळं धरून ४,७२०" असं एका आकड्यात लिहिलंत, तर तो मुनीमजी जीएसटीवरही कापून मोकळा होतो आणि नंतर भांडत बसावं लागतं.

गटाची सवलत असेल तर तीही इथेच दाखवा. आमच्याकडे दहापेक्षा जास्त माणसं आली की दहा टक्के सूट असते. सूट बिलावर दिसली तर तेवढी रक्कम करपात्र किमतीतून वजा होते. बिल पूर्ण रकमेचं करून नंतर तोंडी सूट दिली, तर जीएसटी पूर्ण रकमेवरच भरावा लागतो.

आदिलाबादची कंपनी, पांढरकवड्याचा वर्ग

गेल्या सप्टेंबरातलं उदाहरण घेऊ. आदिलाबादच्या एका जिनिंग कंपनीने १६ जण पाठवायचं ठरवलं. तिचा जीएसटी नंबर ३६ ने सुरू होतो. वर्ग पांढरकवड्यात, आम्ही पांढरकवड्यात, शिकवणारे यवतमाळचे. मग कर महाराष्ट्राचा की दोन राज्यांमधला?

प्रशिक्षणाच्या सेवेसाठी कायद्यात नियम असा आहे: घेणारा जीएसटीत नोंदलेला असेल, तर सेवा त्याच्या राज्यात दिली असं धरायचं, वर्ग कुठे भरला हे पाहायचं नाही. म्हणून आदिलाबादच्या बिलावर पुरवठ्याचं ठिकाण तेलंगणा आणि १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधला कर. त्याच वर्गात बसलेल्या वणीच्या कंपनीच्या बिलावर ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी. एकाच खोलीतल्या दोन बाकांची दोन वेगळी बिलं.

माणूस कंपनीचा नसून स्वतः आला असेल, नोंदणी नसेल, तर वर्ग जिथे भरला तेच ठिकाण. म्हणजे आदिलाबादहून स्वतःच्या पैशाने आलेल्या वायरमनला सीजीएसटी-एसजीएसटीच लागेल.

आणखी एक खाच आहे, ती नीट समजून घ्या. तुम्ही प्रशिक्षण ठेवलं नाही, एखादी वैज्ञानिक किंवा शैक्षणिक परिषद ठेवली आणि तिच्या प्रवेशाची फी घेतलीत, तर अशा कार्यक्रमाच्या प्रवेशासाठी ठिकाण नेहमी कार्यक्रमाचंच धरतात, घेणारा नोंदलेला असो की नसो. मग आदिलाबादच्या कंपनीला महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी लागतो आणि तेलंगणाच्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट मिळत नाही. मुनीमजी ओरडतात, पण ती चूक तुमची नसते. तुमच्या हातात एवढंच आहे की, कार्यक्रम खरोखर काय आहे ते पत्रकात आणि बिलात एकच लिहा. पत्रकावर "महापरिषद" आणि बिलावर "प्रशिक्षण" असं असेल तर उद्या प्रश्न तुम्हालाच विचारतील.

प्रत्यक्ष बिल

९ सप्टेंबरला बँकेत ६२,२०८ रुपये आले. वर्ग १८ आणि १९ तारखेला. पैसे आणि वर्ग एकाच महिन्यात असले आणि यादी ठरलेली असली, की मी आगाऊ रकमेची पावती न करता त्याच दिवशी सरळ कर बीजक काढतो. हिशेब असा:

```
बीजक क्र. JN/2025-26/014        दि. ०९-०९-२०२५
प्रशिक्षण शुल्क, १६ × ४,०००        ६४,०००
वजा गट सवलत १०%                   ६,४००
करपात्र रक्कम                     ५७,६००
आयजीएसटी १८%                     १०,३६८
एकूण                             ६७,९६८
पुरवठ्याचे ठिकाण: तेलंगणा (३६)
```

याशिवाय बिलावर आमचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर, त्यांचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर, सेवेचा सांकेतिक क्रमांक (प्रशिक्षणासाठी आम्ही ९९९२९३ लावतो), कर उलट पद्धतीने देय नाही, म्हणजे तो सेवा घेणाऱ्याने सरकारला भरायचा नाही, ही ओळ आणि सही. वर्णनात मी नुसतं "फी" लिहीत नाही. "जिनिंग-प्रेसिंग अग्निसुरक्षा प्रशिक्षण, दि. १८ व १९ सप्टेंबर, पांढरकवडा, १६ प्रशिक्षणार्थी, यादी सोबत" असं लिहितो. वर्षाने कोणी विचारलं तर हीच ओळ उत्तर देते.

बिलाचा नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असावा. अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरपी रेघ एवढंच चालतं, आणि आर्थिक वर्षात तोच नंबर पुन्हा येता कामा नये. आमच्या आधीच्या क्लार्कने गावाचं पूर्ण नाव नंबरात घातलं होतं, तो बावीस अक्षरांचा झाला आणि पोर्टलने घेतलाच नाही. सेवेच्या बिलाच्या दोन प्रती काढायच्या: मूळ प्रत कंपनीला, दुसरी आपल्याकडे.

यादी वेगळ्या कागदावर असते. वर बिलाचा नंबर, खाली सोळा नावं आणि हुद्दे. रक्कम त्यावर लिहू नका. ऐनवेळी फिटर आजारी पडून त्याच्या जागी दुसरा आला, तर फक्त यादी बदलायची, बिलाला हात लावायचा नाही. वर्ग संपल्यावर प्रत्येकाला जे प्रमाणपत्र देतो, त्यावरही रकमेचा उल्लेख नसतो. रक्कम लिहिलेला कागद एकट्या कामगाराच्या हातात गेला की तो भरपाईसाठी कंपनीत लावला जातो, हे पहिल्या वर्षाने शिकवलं.

आणि पावती वेगळी का?

बिल म्हणजे काय मागितलं, पावती म्हणजे काय मिळालं. आदिलाबादच्या कंपनीने ५७,६०० वर १० टक्के म्हणजे ५,७६० रुपये टीडीएस कापला आणि बाकीचे पाठवले. इथे नवीन माणूस ६२,२०८ ची पावती फाडतो आणि खातेवहीत ५,७६० बाकी दाखवत बसतो. पुढच्या वर्षी त्याच कंपनीला "मागची बाकी आहे" म्हणून फोनही जातो.

मी पावतीत तीन आकडे लिहितो: बँकेत मिळाले ६२,२०८, टीडीएस कापला ५,७६०, एकूण बीजक JN/2025-26/014 पोटी जमा ६७,९६८. सोबत बँकेचा व्यवहार क्रमांक. टीडीएस आपल्या पॅनवर दिसतो की नाही, ते तिमाही संपल्यावर आयकराच्या खात्यात बघून घ्यायचं. नाही दिसला तर प्रमाणपत्र मागा. काही कंपन्या व्यावसायिक सेवा धरून १० टक्के कापतात, काही कंत्राट धरून २ टक्के. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, जे कापलं ते लिहा.

पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं महसूल तिकीट लावून त्यावर सही करायची. गावाकडे पोस्टात तिकिटं संपलेली असतात, म्हणून मी सीझनआधीच एक पान घेऊन ठेवतो.

पैसे आधी आणि वर्ग दुसऱ्या महिन्यात असेल तर गोष्ट बदलते. सेवेच्या आगाऊ रकमेवर जीएसटी पैसे मिळाले त्या महिन्यातच द्यावा लागतो. तेव्हा "आगाऊ रक्कम पावती" फाडा, तीत कर दाखवा, आणि वर्गानंतर तीस दिवसांच्या आत बिल काढून त्यात ती आगाऊ रक्कम वळती करा. नेहमीच्या पैसे मिळाल्याच्या पावतीशी हिची गल्लत करू नका. ती पावतीपुस्तकातली, ही जीएसटीच्या विवरणपत्रात जाणारी. आणि तारीख न ठरलेल्या, पावसाने पुढे जाऊ शकणाऱ्या वर्गासाठी हीच पद्धत बरी, कारण वर्ग रद्द झाला तर परतावा पावती देऊन विषय संपतो.

एक जण गळाला

आदिलाबादवाल्यांनी १४ तारखेला कळवलं की एक प्रेसमन येणार नाही आणि त्याच्या जागी कोणी नाही. आमच्या पत्रकावर १५ तारखेपर्यंत कळवल्यास फी परत, असं छापलेलं आहे. नुसता गैरहजर राहिला असता तर परत केली नसती. बिल आधीच गेलं होतं, त्यामुळे ते खोडायचं नाही, क्रेडिट नोट काढायची. एका माणसाची सवलत वजा करून फी ३,६०० आणि आयजीएसटी ६४८, मिळून ४,२४८. क्रेडिट नोटवर मूळ बिलाचा नंबर आणि तारीख लिहिली. पंधरा माणसं उरली, म्हणजे दहा टक्के सूट कायम. जर नऊच उरली असती तर सूटही गेली असती, म्हणून ही अट पत्रकात आधीच छापा.

पण बँकेतून ४,२४८ पाठवायचे का? नाही. त्या माणसावरचा ३६० रुपयांचा टीडीएस त्यांनी आधीच कापून ठेवला होता. सप्टेंबरचा टीडीएस भरायची मुदत ७ ऑक्टोबर, तो अजून भरलेला नव्हता, म्हणून मुनीमजींनी तो ५,७६० वरून ५,४०० केला आणि आम्ही ३,८८८ परत पाठवले. पडताळा घ्या: आता बिल ६३,७२०, त्यातून टीडीएस ५,४०० गेले की ५८,३२०. आमच्याकडे राहिले ६२,२०८ वजा ३,८८८, म्हणजे तेवढेच. टीडीएस आधीच भरला असता तर हे गणित इतकं सोपं सुटलं नसतं. म्हणून परतावा लांबवू नका.

क्रेडिट नोटला आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरची शेवटची मुदत आहे. आणि कंपनीने तेवढं क्रेडिट आपल्याकडे उलटवलं नाही तर आपला कर कमी होत नाही, म्हणून नोट पाठवून मी एक फोनही करतो.

एका चेकमध्ये दोन युनिट

काही जिनिंगवाल्यांची एक मिल आदिलाबादेत आणि दुसरी वणीत असते. पॅन एकच, जीएसटी नंबर दोन. ते मुख्य कार्यालयातून सगळ्यांची फी एका एनईएफटीने पाठवतात आणि एकच बिल मागतात. इथे गळेपडूपणा चालू देऊ नका. ज्या मिलची माणसं, त्या नंबरावर तिचं बिल. आदिलाबादच्या माणसांचं आयजीएसटीचं, वणीच्या माणसांचं सीजीएसटी-एसजीएसटीचं. बिलं दोन, पावती एक, आणि पावतीत दोन्ही बिलांचे नंबर. गटाची सूट मोजताना मात्र मी सगळी माणसं एकत्र धरतो, तेवढी माणुसकी ठेवायला हरकत नाही.

बिल दिलं, पण त्यांना दिसत नाही

"तुमचं बिल आमच्या टू-बीमध्ये आलं नाही" हा फोन हमखास येतो. टू-बी म्हणजे कंपनीला क्रेडिट मिळणारी बिलं दाखवणारं पोर्टलवरचं विवरण. आम्ही तिमाही विवरणपत्र भरणारे आहोत, आपल्याकडच्या बहुतेक लहान संस्थाही तशाच. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची कंपन्यांना दिलेली बिलं आयएफएफ नावाच्या सोयीतून पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत टाकता येतात. ऑगस्टचं बिल १३ सप्टेंबरपर्यंत टाकलं नाही, तर ते तिमाहीच्या जीएसटीआर-१ मध्येच, म्हणजे १३ ऑक्टोबरपर्यंत जातं, आणि तोवर कंपनीला दिसत नाही. कंपनीचा पुढचा चेक कधीकधी यावरच अडतो. सप्टेंबर हा तिमाहीचा शेवटचा महिना असल्याने आमच्या हंगामी वर्गाला ही सोय लागत नाही, पण उन्हाळ्यातल्या मे महिन्याच्या वर्गाला लागते, आणि मे महिन्यात ते विसरायलाच होतं. ऊन बेचाळीसच्या वर, लाइट गेलेली, आणि पोर्टल पुन्हा ओटीपी मागतं.

बिल टाकलं आहे आणि तरी दिसत नाही, असं झालं तर सगळ्यात आधी जीएसटी नंबर तपासा. एकदा मी शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकला, तेव्हा पोर्टलने नंबर घेतलाच नाही. पण चुकून दुसऱ्याच कंपनीचा खरा नंबर टाकला गेला तर पोर्टल काही बोलत नाही, बिल निमूटपणे त्यांच्या खात्यात जाऊन बसतं. म्हणून टाकल्यावर नावाचा रकाना वाचायचा. नंबर वाचून चूक दिसत नाही, नाव वाचलं की दिसते.